रशियन पत्रातले संबोधन मराठीत कसे लिहावे?

प्रश्न : रशियन पत्राच्या आरंभी ‘उवाझायेमाया वालेन्तिना व्लादिमिरोव्ना!’ असे आहे. मराठीत ‘प्रिय श्रीमती व्लादिमिरोव्ना’ लिहिले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही, ‘आदरणीय वालेन्तिना व्लादिमिरोव्ना,’ असे लिहावे.

व्लादिमिरोव्ना हे आडनाव नसून वडिलांच्या व्लादिमिर या नावावरून आलेले पितृनाम आहे. अंतराळवीर तेरेश्कोवा यांचे पूर्ण नाव वालेन्तिना व्लादिमिरोव्ना तेरेश्कोवा असे असून, औपचारिक रशियन पत्रात आडनाव न घेता पहिली दोन नावे एकत्र लिहिली की आदर आपोआप व्यक्त होतो. त्यामुळे पितृनाम गाळून नुसते ‘आदरणीय वालेन्तिना’ लिहिले तर सलगी केल्यासारखे होते, आणि एकट्या पितृनामाला ‘श्रीमती’ जोडणे तर सरळ चूकच आहे. ‘श्रीमती’ वापरायचेच असेल, तर ते ‘श्रीमती तेरेश्कोवा’ असे आडनावाला लावावे. मात्र मूळ पत्रातली आपुलकी त्यात उरत नाही.

आपल्याकडे लग्नानंतर मधले नाव बहुधा पतीचे होते, म्हणून मराठी वाचकाला व्लादिमिर हे पतीचे नाव वाटण्याचा संभव असतो. रशियन पितृनाम विवाहाने बदलत नाही.

पुढील मजकुरात ‘आपण’ वापरावे. तृतीयपुरुषी उल्लेखात पितृनामाला प्रत्यय न चिकटवता ‘वालेन्तिना व्लादिमिरोव्ना यांना’, ‘यांनी’ अशी रचना ठेवावी. रशियन संबोधनानंतरच्या उद्गारचिन्हाच्या जागी मराठीत स्वल्पविराम द्यावा, कारण तिथे ते चिन्ह केवळ प्रघात म्हणून येते. पाकिटावर किंवा कागदपत्रांत ‘तेरेश्कोवा वालेन्तिना व्लादिमिरोव्ना’ असा क्रम दिसला, तर शेवटचा शब्द आडनाव समजू नये; स्त्रियांच्या पितृनामाची ओळख बहुधा ‘-ओव्ना’ किंवा ‘-येव्ना’ या शेवटावरून पटते.