खपल्या खरवडू नका, भिजवा

ताई, मी कोथरूडला राहते, वय ३६, बँकेत नोकरी. गेली दोन वर्षे डोक्यात कोंडा आहे. कोंड्याचे तीन-चार शाम्पू झाले, पण कानांमागे आणि मानेवर जाड पांढरे थर तसेच आहेत. दर रविवारी सासूबाई मायेने तेल लावतात आणि बारीक फणीने थर खरवडून काढतात. त्या वेळी बरे वाटते, पण फणीला रक्त लागते आणि बुधवारपर्यंत थर पुन्हा तयार होतो. सोसायटीत टँकरचे पाणी येते, त्यामुळे असे होते असे सगळे म्हणतात. पार्लरमधल्या मुलीने केस रंगवायला नकार दिला आणि घरात माझा टॉवेल वेगळा झाला आहे. हा कोंडाच आहे का? आणि सासूबाईंना नको कसे म्हणू?
– एक वाचक, पुणे

प्रिय वाचक,

केवळ पत्रावरून निदान करणे योग्य नाही, परंतु तुम्ही केलेले वर्णन साध्या कोंड्यापेक्षा सोरायसिसकडे अधिक झुकणारे आहे, आणि म्हणून पहिली गोष्ट हीच की बारीक फणी या रविवारपासून बंद व्हायला हवी. पुढचे सगळे त्यानंतर.

कोंडा सहसा डोकेभर पसरलेला असतो. त्याचे कण लहान, मऊ, काहीसे तेलकट आणि पिवळसर असतात, ते खांद्यावर सहज झडतात, आणि त्याचा त्रास वाढला तर भुवया व नाकाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा यांतही तसेच पापुद्रे दिसतात. त्वचेवर नेहमीच राहणारी मॅलसेझिया नावाची बुरशी आणि तिला त्वचेने दिलेला प्रतिसाद हे त्यामागचे मुख्य कारण आहे, म्हणूनच २ टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी तीन ते पाच मिनिटे डोक्यावर ठेवून लावला, तर दोन ते चार आठवड्यांत कोंड्यात बहुधा स्पष्ट फरक पडतो. सोरायसिसचा चट्टा मात्र कडा असलेला असतो. कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे बोटाला कळते. त्यावरची खपली जाड, कोरडी, चंदेरी असते आणि चट्टा केसांची सीमा ओलांडून कपाळावर, कानांमागे किंवा मानेवर उतरतो. परदेशी छायाचित्रांत तो लालभडक दिसतो, पण आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर तो जांभळट किंवा तपकिरी दिसू शकतो, त्यामुळे "लाल नाही, म्हणजे सोरायसिस नाही" असा निष्कर्ष काढू नका. कोपरे, गुडघे आणि बेंबी पाहा, आणि नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का तेही पाहा. काही जणांत दोन्ही विकारांची लक्षणे एकत्र असतात, तेव्हा डोळ्यांनी फरक करणे तज्ज्ञांनाही सोपे जात नाही.

आता रक्ताविषयी, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत बोलकी खूण तीच आहे. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी तयार होण्याचा वेग फार वाढतो. एरवी सुमारे महिनाभर चालणारा त्यांचा प्रवास काही दिवसांत उरकतो आणि अर्धवट पिकलेल्या पेशींचे थर एकमेकांवर साचतात. त्याच वेळी खालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावून वर सरकतात, इतक्या की खपलीच्या तळाशी त्यांच्यावर त्वचेचा अगदी पातळ पडदा उरतो. खपली ओढली की तो पडदा फाटतो आणि टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात. पण खरी हानी त्यानंतर होते. सोरायसिस असलेल्या अनेकांच्या बाबतीत, जिथे त्वचेला इजा होते तिथेच नवा चट्टा उगवतो. रविवारी खरवडलेला थर बुधवारी परत येतो तो काही अंशी आजाराच्या वेगामुळे, पण फणीची इजा त्याला हातभार लावत असण्याची शक्यता मोठी आहे. टँकरच्या जड पाण्याने त्वचा कोरडी पडेल, शाम्पूला फेस कमी येईल, पण सोरायसिस त्याने होत नाही. पाण्यावर खर्च करण्याआधी फणी बाजूला ठेवा.

तरीही खपली काढावीच लागते, कारण तिच्यावर ओतलेले औषध त्वचेपर्यंत पोहोचतच नाही. औषध लावूनही गुण येत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी कित्येक जण प्रत्यक्षात खपलीला औषध पाजत असतात.

तुमच्यासाठी शनिवारची संध्याकाळ धरून सांगते. रुंद दातांच्या कंगव्याने भांग पाडावा आणि चट्ट्यावरच, केसांवर नव्हे, बोटाच्या टोकाने तेल लावावे, मग बोटभर अंतरावर पुढचा भांग पाडावा. खोबरेल तेल चालते. थंडीत गोठले असेल तर बाटली कोमट पाण्यात ठेवावी, गॅसवर तापवलेले तेल नको, कारण सुजलेल्या त्वचेला उष्णता जास्त झोंबते. औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिनही चांगले, आणि कोंडा व सोरायसिस दोन्ही असण्याची शंका असेल तर तेच घ्यावे, कारण मॅलसेझिया तेलातल्या स्निग्धाम्लांवर पोसते, खनिज तेलावर नाही. निव्वळ कोंडा असलेल्यांनी रात्रभर डोके तेलात ठेवू नये ते याच कारणाने. तेल लावल्यावर डोक्याला जुना सुती कपडा किंवा प्लॅस्टिकची टोपी बांधून दोन-तीन तास थांबावे. सोसत असेल तर पुढच्या खेपेला रात्रभर. मात्र त्या अवस्थेत गॅस, निरांजन, उदबत्ती यांच्याजवळ जाऊ नये, कारण तेल किंवा पॅराफिन मुरलेले कापड चटकन पेट घेते. ते वेळच्या वेळी धुवावे, तरीही त्यात अंश राहतो हे लक्षात असू द्यावे.

धुताना एक साधी युक्ती उपयोगी पडते. आधी पाणी ओतू नका. तेलकट कोरड्या केसांवरच शाम्पू चोळा, मग थोडे कोमट पाणी घाला, म्हणजे तेल शाम्पूबरोबर निघते आणि डोके घासत बसावे लागत नाही. दुसऱ्यांदा कोलटारचा शाम्पू वापरून पाच ते दहा मिनिटे ठेवता येईल. त्याला डांबराचा वास येतो, उशीचा अभ्रा डागाळतो आणि त्वचा उन्हाला हळवी होते, हे आधी माहीत असलेले बरे. केस ओले असताना रुंद कंगवा त्वचेशी जवळजवळ आडवा धरून हलक्या गोलाकार हाताने फिरवावा. जी खपली आपणहून सुटली आहे तेवढीच केसांतून बाहेर काढावी. जी चिकटून आहे ती पुढच्या वेळेसाठी सोडावी. खाली गुलाबी किंवा जांभळट, कोरडी, अखंड त्वचा दिसली तर रीत बरोबर आहे. ठिपकाभर जरी रक्त दिसले तरी तुम्ही भिजण्याला पुरेसा वेळ दिला नाही असे समजून तिथेच थांबावे. एका बैठकीत डोके स्वच्छ करण्याचा हट्ट धरू नये, आठवड्यातून दोन-तीनदा असे केल्यास थर पातळ व्हायला साधारण एक-दोन आठवडे लागतात.

नुसत्या तेलाने न हलणाऱ्या थरासाठी डॉक्टर ३ ते ६ टक्के सॅलिसिलिक आम्लाचे मलम देतात. ते खपलीच्या पेशींना जोडून ठेवणारा बंध सैल करते. पहिल्या वेळी ते छोट्या भागावर तासभर लावून पाहावे, आणि रक्त आलेल्या किंवा चिरलेल्या जागी मुळीच लावू नये, फार आग होते. गरोदर स्त्रिया, लहान मुले, मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि अॅस्पिरीनची अॅलर्जी असलेले यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. कॅल्सिपोट्रिऑल हे औषध चालू असेल तर त्याच वेळी सॅलिसिलिक आम्ल लावल्यास ते औषध निष्प्रभ होते, ही बाब औषधाच्या चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेली असते. लिंबू, कांद्याचा रस, दही, व्हिनेगर हे सगळे उघड्या त्वचेला चिडवतात. सासूबाईंच्या मैत्रिणी ते सुचवतीलच, ऐकून घ्यावे आणि स्वयंपाकात वापरावे.

खपली उतरल्यावर खरे औषध लागते, आणि ते बहुधा स्टिरॉइडचे पातळ द्रावण असते. बाटलीची चोच भांगात त्वचेला टेकवून थेंब सोडावेत आणि कपाळावर ओघळू देऊ नयेत. क्लोबेटासोलसारखे तीव्र औषध सामान्यतः सलग चार आठवड्यांपेक्षा अधिक वापरत नाहीत, आणि डॉक्टर सांगतील तसे ते कमी करत न्यावे. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टिरॉइड, बुरशीरोधक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे मनाने आणू नका. थोडे दिवस छान वाटते आणि सोडले की आजार दुप्पट जोमाने उसळू शकतो.

टॉवेलचा प्रश्न मला आजाराइतकाच महत्त्वाचा वाटतो. सोरायसिस संसर्गाने पसरत नाही. टॉवेलने नाही, कंगव्याने नाही, शेजारी झोपल्याने नाही. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या एका माणसाला बरोबर न्या आणि हे त्यांच्यासमोर विचारा, कारण सुनेने सांगितलेले आणि डॉक्टरांनी सांगितलेले यांत घरोघरी फरक पडतो. सासूबाईंना मात्र नको म्हणू नका, त्यांच्या हातातली वस्तू बदला. भांग पाडून मागच्या बाजूला तेल लावणे स्वतःचे स्वतःला फार अवघड असते. "आई, तुम्ही तेल लावा, फणी नको, डॉक्टर म्हणाले की रक्त आले तर वाढते" एवढे पुरे. बारीक फणी त्या दिवशी कपाटात नसेल तर अधिकच बरे.

केस रंगवायला पार्लरने नकार दिला तो योग्यच होता. भेगा आणि रक्ताचे ठिपके पूर्ण भरून येईपर्यंत रंग टाळावा आणि त्यानंतरही आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडासा लावून ४८ तास वाट पाहावी. खपल्यांबरोबर काही केस निघतील, ते बहुतांशी परत येतात.

त्वचारोगतज्ज्ञांकडे पुढच्या आठवड्यातच जा. खर्चाची अडचण असेल तर ससून रुग्णालयातही त्वचारोग विभाग आहे. चट्ट्यातून पाणी किंवा पू येणे, पिवळी खरपुडी धरणे, मानेत गाठी येणे, ताप येणे यांपैकी काही झाले तर आठवडाही थांबू नका, तो जंतुसंसर्ग असू शकतो. सकाळी बोटे किंवा टाचा अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडत असतील, एखादे बोट संपूर्ण सुजत असेल, तर ते न विचारताही सांगा, कारण डोक्यात किंवा नखांत सोरायसिस असलेल्यांना सांध्यांचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी किंवा लिथियम घेत असाल तर त्याही सांगा, त्यांनी सोरायसिस वाढू शकतो, पण त्या मनाने बंद करू नका. जाण्याआधी दोन दिवस तेल लावू नका, खपली काढू नका, नखांवरचे नेलपॉलिश पुसा आणि आतापर्यंत वापरलेल्या सर्व शाम्पूंच्या व मलमांच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

– तुमची ताई