रुपया घसरला तर दुसऱ्या वर्षाची फी कशी भागवायची?

"पोरगी अमेरिकेला चालली, दोन वर्षांचं लोन मंजूर झालंय, पण डॉलर वाढला तर?"

दादा, लोन रुपयात मंजूर होतं अन् बँक प्रत्येक सेमिस्टरची फी त्या दिवशीच्या रेटनं पाठवते, म्हणून खड्डा दुसऱ्या वर्षीच पडतो. समजा दुसऱ्या वर्षाची फी अन् राहणं-खाणं मिळून 20,000 डॉलर, डॉलर 90 रुपये धरून हिशोब केला तर 18 लाख, तेच 95 झाला की सरळ 19 लाख, आणि मंजूर रक्कम आपोआप वाढत नाही. त्यामुळं दुसरं वर्ष आजच्या रेटपेक्षा 8-10 टक्के जास्त धरूनच मंजुरी मागा, व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास आले की जानेवारीच्या फीचा घरचा वाटा लगेच पाठवून टाका, रेट उतरायची वाट पाहू नका.