दुसऱ्या व्यवहाराची जबाबदारी बँकेची

प्रश्न: 'केवायसी संपली, आज खाते गोठेल' असा मेसेज आला. लिंक उघडून डेबिट कार्डाचा नंबर आणि ओटीपी भरला. 11.12 ला 40,000 रुपये गेले. 11.31 ला बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार क्रमांक घेतला, तरी 11.46 ला आणखी 25,000 गेले. 1930 वर तक्रार केल्यावर समोरच्या खात्यात 18,000 रुपये रोखले गेलेत. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच दिलात, काहीच मिळणार नाही. खरं आहे का?

उत्तर: ताई, बँकेचं म्हणणं फक्त 40,000 पुरतं खरं आहे. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात ही वाटणी स्पष्ट केली आहे. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर झालेलं नुकसान मात्र बँकेचं. तुम्ही 11.31 ला कळवलंत, म्हणून 11.46 चे 25,000 बँकेने द्यायचे आहेत.

तेव्हा सगळा भर वेळेवर ठेवा. फोनच्या कॉल लॉगचा फोटो, तक्रार क्रमांकाचा मेसेज आणि खात्याचा उतारा जोडून शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ओटीपी दिल्याचं लपवू नका. तुमचा दावा त्या पंधरा मिनिटांवर उभा आहे, आणि खोटं उघडं पडलं तर तोही ढासळेल. बँकेच्या यंत्रणेत तक्रार मिळाल्याची वेळ नोंदवणं बंधनकारक आहे. ती नोंद अर्जात मागा. कळवल्यापासून 10 कामकाजी दिवसांत ही रक्कम खात्यात तात्पुरती जमा व्हायला हवी, आणि 90 दिवसांत निकाल लागायला हवा.

बँकेने लेखी नकार दिला किंवा 30 दिवस उत्तरच दिलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करा. ती मोफत आहे, वकील लागत नाही. आत्ता हेल्पलाइनवर मिळालेला तोंडी नकार तिथे सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून लेखी अर्ज आधी.

रोखलेल्या 18,000 रुपयांचा मार्ग वेगळा आहे. 1930 चा पोचक्रमांक घेऊन सायबर पोलीस ठाण्यात जा आणि ते पैसे कोणत्या बँकेत रोखलेत ते लेखी घ्या. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पैसे परत मिळण्यासाठी अर्ज करता येतो. हे पैसे तुमच्या 40,000 मधलेच आहेत की 25,000 मधले, हे पोलिसांच्या नोंदीवरून आधी तपासा. 25,000 मधले निघाले, तर तेवढी रक्कम बँकेकडून पुन्हा मागता येणार नाही.

राहिली तुमची खरी केवायसी. पत्ता बदलला नसेल तर 'काहीही बदल नाही' असं स्वघोषणापत्र शाखेत दिलं तरी चालतं.