भावाच्या (वय २८) ईसीजीत डब्ल्यूपीडब्ल्यू निघालं. एकदा १९० ने धडधडलं, कॅज्युअल्टीत इंजेक्शन दिल्यावर लगेच थांबलं. आता ठणठणीत आहे, तरी डॉक्टर अ‍ॅब्लेशन करा म्हणतात. गरज आहे का?

माझ्या मते डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. त्या दिवशी झालेली धडधड हे त्यामागचं मुख्य कारण नव्हे. खरी काळजी आहे ती अजून न झालेल्या दुसऱ्या एका लयीची.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून विजेचा संदेश खाली जायला एकच अधिकृत दार असतं, एव्ही नोड. तो प्रत्येक ठोक्याला थोडं थांबवतो आणि वरून फार वेगाने ठोके आले तर त्यांतले बरेचसे अडवतो. तुमच्या भावाला जन्मतःच वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा स्नायूचा एक बारीक धागा, म्हणजे एक आडवाट, राहून गेला आहे; डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात ते यालाच. त्याला ही थांबण्याची सवय नाही. म्हणून शांत बसलेला असतानाच्या ईसीजीत पीआर अंतर, म्हणजे संदेशाला वरून खाली पोचायला लागणारा वेळ, तीन छोट्या चौकोनांपेक्षा, म्हणजे १२० मिलिसेकंदांपेक्षा कमी दिसतं आणि क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची उंच रेघ, सरळ वर न उठता पायथ्याशी तिरका चढतो. तो तिरका चढ म्हणजे डेल्टा लहर. खालच्या कप्प्याचा एक भाग आडवाटेने आधीच पेटलेला असतो, बाकीचा नेहमीच्या वाटेने मागून येतो.

१९० ची ती धडधड बहुधा नोडमधून खाली आणि आडवाटेने परत वर अशा चक्रात फिरत होती. त्या वेळचा ईसीजी काढून पाहा: क्यूआरएस अरुंद, ठोके घड्याळासारखे नियमित आणि डेल्टा गायब असेल, कारण खाली जाणारा सगळा संदेश नोडमधूनच जात होता. अ‍ॅडेनोसिनच्या त्या इंजेक्शनने नोड क्षणभर बंद केला आणि चक्र तुटलं. ही लय त्रासदायक, पण तरुण निरोगी हृदय ती सहसा सोसतं.

धोका येतो एट्रियल फिब्रिलेशनमध्ये. तेव्हा वरचे कप्पे मिनिटाला ३५० हून अधिक वेळा अस्ताव्यस्त थरथरतात. नोड त्यातले बहुतेक गाळतो, आडवाट गाळत नाही. ईसीजीत रुंद, दर ठोक्याला थोडा वेगळा दिसणारा आणि पूर्णपणे अनियमित क्यूआरएस येतो. त्यात जवळात जवळचे दोन ठोके शोधून मोजतात. समजा त्यांच्यात पाच छोटे चौकोन आहेत, म्हणजे २०० मिलिसेकंद. तेवढ्यापुरता वेग मिनिटाला ३०० झाला. २५० किंवा त्याहून कमी आलं की वाट धोक्याची मानतात, कारण एवढ्या वेगात खालचे कप्पे फिब्रिलेट होऊ शकतात आणि माणूस जागीच कोसळू शकतो.

नेमकं इथेच चुकीचं औषध घात करतं. धडधड दिसली म्हणून व्हेरापामिल, डिल्टियाझेम, बीटा ब्लॉकर किंवा डिगॉक्सिन शिरेतून दिलं, की नोड मंदावतो पण आडवाट उघडीच राहते. शिवाय व्हेरापामिलने रक्तदाब घसरला की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं आणि वाट आणखी चपळ होते. अ‍ॅडेनोसिन आणि शिरेतून दिलेलं अमायोडारोनही या लयीत टाळतात. रक्तदाब पडला असेल तर थेट शॉक, स्थिर असेल तर प्रोकेनामाइड किंवा आयब्युटिलाइड.

अ‍ॅब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून बारीक कॅथेटर हृदयात नेतात. वाट डावीकडे असेल, आणि बहुतेकदा तशीच असते, तर वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र करून पलीकडे जातात. मग झडपेच्या कडेने टोक सरकवत खालचा कप्पा सर्वांत आधी कुठे पेटतो ती जागा शोधतात. तिथे रेडिओफ्रिक्वेन्सीने साधारण ५०–६० अंशांपर्यंत ऊब दिली की तो धागा मरतो. जागा बरोबर लागली तर काही सेकंदांतच पडद्यावर डेल्टा नाहीशी होते आणि पीआर लांबतो. लगेच उठत नाहीत. अर्धा तास थांबून वाट परत येते का ते पाहतात, कारण कधी धागा मरत नाही, नुसता सुजून गप्प बसतो. काही टक्के लोकांत वाट पुढच्या आठवड्यांत परत येते ती याचमुळे, आणि मग पुन्हा करावं लागतं. पहिल्या खेपेला यश ९० टक्क्यांहून जास्त.

डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: वाट हिस बंडलच्या, म्हणजे नोडमधून खाली जाणाऱ्या तारेच्या, जवळ आहे का? तशी असेल तर नोडलाच इजा होऊन पेसमेकर लागण्याची जोखीम वाढते. तिथे बरेच जण गोठवणारं क्रायो वापरतात, कारण आधी थोडं गार करून परिणाम पाहता येतो आणि नोड मंदावला तर थांबता येतं.

तारीख येईपर्यंत भावाच्या मोबाइलमध्ये शांत असतानाच्या ईसीजीचा फोटो ठेवा. पुन्हा धडधडलं तर कॅज्युअल्टीत सुई टोचण्याआधी तो दाखवा.