फोटोतल्या पंचांगावरून महिनावार यादी: तिथीवरून सण भरू नका

प्रश्न: आईने पंचांगाच्या पानांचे फोटो पाठवलेत. त्यातल्या तिथी आणि सण इंग्रजी महिन्यांप्रमाणे यादीत उतरवायचे आहेत. तिथी टाइप केल्यावर सण त्यावरून आपोआप भरले तर चालेल का?

उत्तर:

नाही चालणार. तारखेसमोर छापलेली तिथी ही सूर्योदयाची असते. सण मात्र कुठला प्रदोषकाळी, कुठला मध्यान्ही, कुठला चंद्रोदयाला तिथी आहे का ते बघून ठरतो. म्हणून तिथी एका रकान्यात आणि सण दुसऱ्या रकान्यात, दोन्ही पानावरून जसेच्या तसे उतरवा. सण पानाच्या कडेला शास्त्रार्थाच्या रकान्यात सापडतील.

शके १९४६ च्या आश्विन कृष्ण पक्षाचं पान घ्या. यादी अशी येईल:

```
२८ ऑक्टो. २०२४ | सोम | कृ. ११ | वसुबारस
२९ ऑक्टो. २०२४ | मंगळ | कृ. १२ | धनत्रयोदशी
३० ऑक्टो. २०२४ | बुध | कृ. १३ |
३१ ऑक्टो. २०२४ | गुरु | कृ. १४ | नरक चतुर्दशी
०१ नोव्हें. २०२४ | शुक्र | कृ. ३० | लक्ष्मीपूजन
```

धनत्रयोदशी द्वादशीसमोर आहे आणि त्रयोदशीचा दिवस रिकामा. ही छपाईची चूक नव्हे. मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास द्वादशी संपली, त्यामुळे संध्याकाळी त्रयोदशी होती. शेवटच्या ओळीतले ३० म्हणजे अमावस्या. पान पक्षाचं असतं, त्यामुळे ही ओळ नोव्हेंबरच्या यादीत जाईल. आधी सगळी पानं सलग उतरवा, मग तारखेने लावा.

याच पानावर कृ. ४ ला स्वतःची तारीख नाही. २० ऑक्टोबरला तृतीया सकाळी पावणेसातच्या सुमारास संपली आणि चतुर्थी २१ च्या पहाटे सूर्योदयाआधीच आटोपली. हा तिथीचा क्षय; संकष्टी २० लाच. उलट, एकादशी २७ आणि २८ अशी दोन्ही सूर्योदयांना आहे, ती वृद्धी. म्हणून तिथीचे आकडे ओढून सलग भरू नका, पुढचं सगळं सरकेल. काही पंचांगांत मध्यरात्रीनंतरची वेळ २८-१६ अशी छापतात. ती पहाटेची ४-१६, पण ओळ आदल्याच तारखेची.

तारखेचा रकानाही नीट धरा. शेजारीच राष्ट्रीय दिनांक असतो आणि फोटो तिरका असला की नजर तिकडे घसरते. ओळखायची खूण सोपी आहे: राष्ट्रीय कार्तिक २३ ऑक्टोबरला सुरू होतो, त्यामुळे या पानावर आकडा पक्षाच्या मध्येच १ वर आला तर रकाना चुकला.

धूसर फोटोत १ आणि ९, ३ आणि ६ एकसारखे दिसतात. तिथे वाराचा आधार घ्या. वार आणि तारीख कधी उडी मारत नाहीत, तिथी मारते. सालासाठी पानावरच्या शकात डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा आणि जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. पौषाच्या आसपासच्या पानांवर हे विसरलं की जानेवारीचे सण मागच्या वर्षात जाऊन बसतात.