व्हिसा नेमका कशाने जातो?

“मॅडम, माझा मॅनेजर बैठकीत सगळ्यांसमोर माझ्या उच्चारांची नक्कल करतो आणि एकटी सापडले की ‘तुझा व्हिसा आमच्या हातात आहे, विसरू नकोस’ असं सुनावतो. तक्रार केली तर स्पॉन्सरशिप काढून घेतील आणि मला देश सोडावा लागेल. गप्प बसू, की नोकरी सोडून मोकळी होऊ?”

हा प्रश्न ब्रिटनमध्ये सॉफ्टवेअर चाचणीचे काम करणाऱ्या एका तरुणीचा आहे. थोड्याफार फरकाने तोच मला परिचारिकांकडून, वृद्धसेवेतील कर्मचाऱ्यांकडून आणि परदेशी शिकणाऱ्या मुलांकडून वारंवार ऐकू येतो. म्हणून तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून तिची हकिगत येथे मांडते. प्रत्येक देशाचे नियम निराळे असतात. पुढे जे लिहिले आहे ते ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला लागू पडते.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली समुपदेशक आहे. समोरच्या माणसाची भीती लगेच घालवण्याची मला घाई नसते. त्या भीतीमागे कोणते विधान दडले आहे ते मी आधी बोलून घेते, आणि मग ते विधान पुराव्यावर टिकते का, हे आम्ही दोघे मिळून पाहतो.

“तक्रार केली की व्हिसा जातो, हे तुला कोणी सांगितलं?” मी विचारले.

“सगळेच म्हणतात.”

“सगळे म्हणजे कोण कोण?”

ती जरा थांबली. “मॅनेजर. आणि माझ्यासोबत राहणारी एक मुलगी. तिलाही कोणीतरी सांगितलंय.”

रविवारी संध्याकाळपासून तिचे पोट दुखू लागत असे, झोप उडाली होती, आणि यातून सुटण्यासाठी तिने मनात दोन मार्ग आखून ठेवले होते. पहिला म्हणजे सहा आठवड्यांची बिनपगारी रजा घेऊन घरी निघून जाणे, आणि तेही न जमल्यास सरळ राजीनामा देणे. तक्रारीचा विचारही तिने केला नव्हता, कारण तिन्हींपैकी तोच मार्ग तिला सर्वांत धोक्याचा वाटत होता. मी तिला एकच गृहपाठ दिला. परदेशी कर्मचारी ठेवणाऱ्या कंपन्यांसाठी ब्रिटनच्या गृहखात्याची मार्गदर्शिका आहे आणि ती कोणालाही वाचता येते. कर्मचाऱ्याविषयी कोणकोणत्या गोष्टी कंपनीने सरकारला कळवल्याच पाहिजेत, तेवढे त्यातून वेगळे काढून आणायला मी तिला सांगितले.

पुढच्या भेटीत ती यादी वाचू लागली. कर्मचारी ठरल्या दिवशी कामावर रुजू झाला नाही तर कळवायचे. परवानगीशिवाय सलग दहापेक्षा जास्त कामाचे दिवस गैरहजर राहिला तर कळवायचे. ठरलेला पगार कमी झाला, कामाचे स्वरूप बदलले किंवा नोकरी संपली तरी कळवायचे. एका कॅलेंडर वर्षात बिनपगारी रजा एकूण चार आठवड्यांहून अधिक झाली तर, आजारपण किंवा बाळंतपण यांसारखे अपवाद वगळता, कंपनीला स्पॉन्सरशिप थांबवावी लागते. येथवर येऊन ती अडली. मीही मुद्दाम बोलले नाही.

“सहा आठवडे,” ती म्हणाली. “म्हणजे मी रजेवर गेले असते तर…”

“आणि तक्रारीबद्दल काय लिहिलंय?”

तिने यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. “काहीच नाही. तक्रार यात कुठेच नाही.” मग जरा चिडूनच म्हणाली, “मॅडम, मी जे करायला निघाले होते त्यानेच व्हिसा गेला असता. आणि ज्याला घाबरत होते त्याचा इथे उल्लेखसुद्धा नाही.”

त्या क्षणाचे मोल मला आजही मोठे वाटते, कारण हा निष्कर्ष तिने स्वतः काढला होता. मी हेच वाक्य पहिल्या भेटीत तिला ऐकवले असते तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन रजेचा अर्ज भरला असता. तिची भीती अवास्तव नव्हती, कारण व्हिसा खरोखरच नोकरीला बांधलेला होता. फक्त त्या भीतीवरचा पत्ता चुकला होता. छळ करणारा माणूस व्हिसाचे नाव घेतो तेव्हा त्याला नेमके हेच साधायचे असते. बळी पडलेल्या माणसाने सुरक्षित वाट धोक्याची समजावी, आणि धोक्याची वाट आपण होऊन धरावी. पळून जाणे, कामावर न जाणे, रागाच्या भरात राजीनामा देणे या गोष्टी मनाला सुटकेच्या वाटतात, आणि स्पॉन्सरशिपला धक्का बसतो तो त्यांनीच.

विद्यार्थ्यांच्या बाबतीतही हेच घडते. स्टुडंट व्हिसावरील विद्यार्थी अभ्यासात सहभागी राहतो की नाही, याची जबाबदारी स्पॉन्सर असलेल्या विद्यापीठावर असते. मार्गदर्शक प्राध्यापक किंवा सहाध्यायी छळतात म्हणून जो खोलीत कोंडून घेतो आणि वर्गांना जाणे सोडतो, तो स्वतःचा व्हिसा अडचणीत आणतो. जो विद्यापीठाच्या तक्रार प्रक्रियेत अर्ज देतो, तो नव्हे. अशा विद्यार्थ्याने आंतरराष्ट्रीय विद्यार्थी सल्लागाराला वेळीच भेटावे आणि गैरहजेरीचे कारण लेखी नोंदवून घ्यावे.

मात्र अर्धे सत्य सांगून मी तिला धीर दिला नाही. तक्रारीमुळे व्हिसा जात नसला, तरी तक्रारीनंतर कंपनीने नोकरीवरून काढले तर तो जाऊ शकतो. तेव्हा कायदा कोठे साथ देतो आणि कोठे देत नाही, हे समजून घेणे भाग होते. ब्रिटनमध्ये नुसती दादागिरी, म्हणजे सर्वांशी सारखेच उर्मट वागणे, हा स्वतंत्र दाव्याचा विषय होत नाही. वंश, राष्ट्रीयत्व, धर्म, लिंग, अपंगत्व यांसारख्या कारणांशी छळाचा संबंध असेल तर तो 2010 च्या समानता कायद्याखाली येतो. उच्चारांची नक्कल, ‘तुमच्याकडचे लोक’ अशी सुरुवात आणि इतर कोणालाही न दिलेली व्हिसाची धमकी, यांवरून तिचे प्रकरण या कायद्याच्या कक्षेत येण्याची शक्यता होती. भेदभावाची तक्रार केली म्हणून त्रास देणे किंवा कामावरून काढणे यालाही हाच कायदा बेकायदेशीर ठरवतो, आणि अशा दाव्यासाठी नोकरीत किमान अमुक काळ झालेला असण्याची अट नाही. परंतु कायदा भरपाई मिळवून देतो ती नंतर. नोकरी जाणारच नाही अशी हमी तो देत नाही. म्हणून तक्रारीची तयारी आणि पर्यायी नोकरीचा शोध ही दोन्ही कामे आम्ही एकाच वेळी सुरू केली.

तिची पहिली नोंद अशी होती: “मॅनेजर नेहमी माझा अपमान करतो.” हे खरे होते, पण चौकशी करणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नव्हते. त्याच प्रसंगाची तिने नव्याने केलेली नोंद अशी: “मंगळवार, सकाळी दहाची बैठक. मी अहवाल वाचत असताना मॅनेजरने माझा ‘व्हॅलिडेशन’चा उच्चार दोनदा नक्कल करून म्हटला. चौघे हसले. ‘इंग्रजीत सांग’, असे तो म्हणाला. मी पुढचे वाचले नाही.” खाली हजर असलेल्यांची नावे होती. ‘नेहमी’, ‘मुद्दाम’, ‘सगळे’ हे शब्द तिने स्वतःच खोडले होते. माझ्या पद्धतीत हा मनाचा व्यायाम मानला जातो, पण येथे त्यातूनच कायद्याच्या कामाची सामग्री तयार होत गेली.

नोंदी त्याच दिवशी करायच्या आणि कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवायच्या नाहीत, हे ठरले. त्याचबरोबर कंपनीची गोपनीय कागदपत्रे स्वतःच्या ईमेलवर पाठवायची नाहीत, हेही मी तिला बजावले, कारण तेवढ्यावरून उलट तिच्यावरच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकली असती. एकांतातल्या धमकीला साक्षीदार नव्हता. त्यावर तिने स्वतःच एक तोड काढली. अशा संभाषणानंतर ती मॅनेजरला साधा, सभ्य ईमेल पाठवू लागली: “आज आपण कामाच्या मुदतीबद्दल बोलताना माझ्या व्हिसाचा उल्लेख केलात. त्याचा मुदतीशी काय संबंध, हे मला समजले नाही. कृपया स्पष्ट करावे.” उत्तर आले नाही, पण तारखेसह लेखी नोंद मागे राहिली. अशा दोन ईमेलनंतर तो उल्लेखच बंद झाला.

तक्रार कंपनीच्या नियमपुस्तिकेतील औपचारिक पद्धतीने, लेखी आणि थेट मनुष्यबळ विभागाकडे गेली. तिने घटना तारखांनुसार मांडल्या, हा प्रकार राष्ट्रीयत्वाशी निगडित छळ असल्याचे आणि समानता कायद्याखाली तक्रार करत असल्याचे स्पष्ट लिहिले, आणि आपल्याला काय हवे तेही सांगितले: वेगळा मॅनेजर आणि व्हिसाचा उल्लेख थांबवणे. ‘छळ’ आणि कायद्याचे नाव हे शब्द टाळून नुसते ‘मतभेद आहेत’ असे लिहिले असते, तर नंतर सूडाने वागवल्याचे सिद्ध करणे अवघड गेले असते. सुनावणीला सहकारी किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी सोबत नेण्याचा हक्क तिने वापरला.

मुदतीच्या बाबतीत बरेच जण फसतात. रोजगार न्यायाधिकरणाकडे जाण्याची प्रचलित मुदत घटनेपासून तीन महिन्यांना एक दिवस कमी अशी राहिली आहे, आणि कंपनीची अंतर्गत चौकशी चालू असली म्हणून ती थांबत नाही. ही मुदत वाढवण्याचा कायदा झालेला असल्यामुळे, आपल्या घटनेला कोणती मुदत लागू आहे हे नोकरीतील वादांत सल्ला देणाऱ्या आणि मध्यस्थी करणाऱ्या एकॅस या सरकारी संस्थेकडून तपासून घ्यावे. न्यायाधिकरणाआधी बहुतेक प्रकरणांत एकॅसलाच कळवावे लागते, आणि 0300 123 1100 या क्रमांकावर तिचा सल्ला विनाशुल्क मिळतो. व्हिसाविषयी मात्र मी तिला माझे मत दिले नाही. त्यासाठी सॉलिसिटर किंवा इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदणी असलेला सल्लागारच गाठायला सांगितले. समुपदेशकाने आपली हद्द ओळखावी, असे माझे ठाम मत आहे.

त्या सल्लागाराकडून तिला जे कळले त्याने ती बरीच शांत झाली. नोकरी संपल्यावर कंपनीने दहा कामाच्या दिवसांत गृहखात्याला कळवायचे असते. त्यानंतर गृहखाते पत्र पाठवून व्हिसाची मुदत साधारणपणे 60 दिवसांवर आणते. मुळात त्याहून कमी दिवस उरले असतील तर तेवढेच मिळतात. त्या काळात नव्या स्पॉन्सरमार्फत नवा अर्ज करता येतो. म्हणजे सर्वांत वाईट घडले तरी विमानतळावर नेऊन बसवणार नव्हते. पण 60 दिवसांत नवा स्पॉन्सर शोधणे सोपे नाही, म्हणून मुलाखती तिने तक्रार देण्याआधीच सुरू केल्या होत्या.

चौकशीत उच्चारांच्या नकलेची तक्रार मान्य झाली, कारण बैठकीतील दोघांनी खरे सांगितले. व्हिसाच्या धमकीबाबत कंपनीने ‘पुरेसा पुरावा नाही’ असे लिहिले, तरीही तिला दुसऱ्या मॅनेजरच्या हाताखाली दिले. हा निकाल तिला अपुरा वाटला आणि मलाही. काही महिन्यांनी तिला दुसऱ्या कंपनीची नोकरी मिळाली. नव्या स्पॉन्सरशिपवर व्हिसाचा अर्ज करून, तो मंजूर झाल्याचे हाती आल्यावरच तिने जुन्या कंपनीत राजीनामा दिला.