पाच मार्गांवरून काढलेली कॉलची किंमत दर वेळी का बदलते?

प्रश्न: शेअर १०००, स्ट्राइक १०५०, मुदत सहा महिने, व्याजदर ६%, व्होलॅटिलिटी २५%. एक्सेलमध्ये रोजच्या १२६ टप्प्यांचे पाच मार्ग काढून युरोपियन कॉलची किंमत काढतोय. ब्लॅक-शोल्सने ६२ येते, माझी F9 दाबलं की कधी १२, कधी ११०. टप्पे वाढवूनही फरक पडत नाही. सूत्र चुकलंय का?

उत्तर: सूत्र बहुधा बरोबरच आहे. पाच मार्गांत १२ येणं आणि ११० येणं, दोन्ही अगदी साहजिक आहे. तुम्ही टप्पे वाढवताय, पण कमी आहेत ते मार्ग.

युरोपियन कॉलला फक्त मुदतीच्या दिवशीचा भाव लागतो, मधल्या काळात शेअर कुठून कुठे गेला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. व्याजदर आणि व्होलॅटिलिटी स्थिर धरली, की त्या दिवसाचा भाव एकाच उडीत काढता येतो:

```
S_T = S0 * exp((r - σ²/2)*T + σ*√T*Z)
```

Z म्हणजे प्रमाण प्रसामान्य वितरणातला एक यादृच्छिक अंक. तुमच्या आकड्यांत घातांकाचा स्थिर भाग ०.०१४३७५ आणि Z चा गुणक ०.१७६८ येतो. समजा पाच Z असे पडले: ०.५३, −१.२१, १.३४, −०.२८, ०.०७. त्यावरून शेवटचे भाव निघतात १११४.१२, ८१९.१२, १२८५.६४, ९६५.४९ आणि १०२७.११. यातले दोनच १०५० च्या वर आहेत, म्हणून पेऑफ ६४.१२, ०, २३५.६४, ०, ०. सरासरी ५९.९५. ती सहा महिन्यांच्या व्याजाने आजच्या मोलात आणायला e^(−०.०३), म्हणजे ०.९७०४ ने गुणा. उत्तर ५८.१८.

इथे एक चूक नेहमी होते. काही जण आधी भावांची सरासरी काढतात आणि मग तिच्यातून स्ट्राइक वजा करतात. या पाच भावांची सरासरी १०४२.३० आहे, १०५० पेक्षा कमी. त्या हिशेबाने कॉलची किंमत शून्य! सरासरी पेऑफची घ्यायची, भावाची नाही. खाली गेलेला मार्ग वर गेलेल्या मार्गाचा फायदा खात नाही, ऑप्शनची सगळी किंमत त्यातूनच येते.

आता ५८.१८ हे ६२.०२ च्या जवळ आहे म्हणून खूश होऊ नका. त्यातला जवळजवळ चार पंचमांश भाग एकट्या तिसऱ्या मार्गाने आणला आहे. तिथे १.३४ ऐवजी −०.४ पडला असता तर उत्तर थेट १२.४४. तुम्हाला दिसलेला १२ असाच कुठून तरी आला असणार.

म्हणून प्रत्येक उत्तराशेजारी त्याची प्रमाण त्रुटी लिहायचीच: आजच्या मोलात आणलेल्या पेऑफचं प्रमाण विचलन, भागिले मार्गांच्या संख्येचं वर्गमूळ. वरच्या पाचांसाठी विचलन ९९ येतं, त्रुटी ४४. म्हणजे खरं उत्तर "५८, चाळीसेक इकडेतिकडे" असं आहे. पाच मार्गांत ही त्रुटीसुद्धा भरवशाची नसते. पाचही मार्ग १०५० च्या खाली गेले तर ती शून्य येते आणि तक्ता तुम्हाला ठामपणे सांगतो की कॉल फुकट आहे.

या ऑप्शनसाठी एका पेऑफचं खरं विचलन (आजच्या मोलात) १०८ च्या आसपास आहे. पाच मार्गांची त्रुटी त्यामुळे ४८, हजारांची ३.४, दहा हजारांची १.१. त्रुटी निम्मी करायची तर मार्ग चौपट करावे लागतात, यातून सुटका नाही. टप्प्यांचा हिशेबही इथेच लागतो. पाच मार्ग गुणिले १२६ टप्पे म्हणजे तुम्ही ६३० यादृच्छिक अंक खर्च करता आणि त्रुटी ४८ वरच राहते. तेच ६३० अंक ६३० शेवटच्या भावांवर खर्च केले तर त्रुटी ४.३ वर येते. टप्पे लागतात ते आशियाई किंवा बॅरिअर ऑप्शनला, जिथे मधले भाव पेऑफमध्ये मोजले जातात.

एक्सेलमध्ये एवढंच पुरे, A1 आणि B1 ची सूत्रं दहा हजार ओळी खाली ओढा:

```
A1: =1000*EXP((0.06-0.25^2/2)*0.5+0.25*SQRT(0.5)*NORM.S.INV(RAND()))
B1: =MAX(A1-1050,0)*EXP(-0.06*0.5)
D1: =AVERAGE(B1:B10000)
D2: =STDEV.S(B1:B10000)/SQRT(COUNT(B1:B10000))
D3: =AVERAGE(A1:A10000)*EXP(-0.06*0.5)
```

आता F9 दाबत राहिलात तर D1 शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव वेळा ६० ते ६४ च्या आत राहील.

थोड्याच मार्गांत काम भागवायचं असेल तर प्रत्येक Z सोबत −Z सुद्धा वापरा. वरच्या पाच अंकांची चिन्हं उलटली की −१.२१ चा १.२१ होतो आणि २०६.४३ चा पेऑफ देतो, −०.२८ चा ०.२८ होऊन १५.९६ देतो, बाकीचे शून्य. दहांची सरासरी आजच्या मोलात ५०.६७. गंमत बघा, उत्तर ६२ पासून आणखी लांब गेलं! पण त्रुटी ४४ वरून २४ वर आली. आधीचं ५८ नशिबाने जवळ पडलं होतं, हे ५१ जास्त विश्वासाचं आहे. त्रुटी काढताना मात्र आधी प्रत्येक जोडीची सरासरी घ्या आणि त्या पाच सरासऱ्यांचं विचलन काढा. दहा सुटे पेऑफ धरले तर चुकीची त्रुटी येईल, कारण जोडीतले दोन अंक एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत.

D3 कशासाठी, तर सूत्रातली चूक पकडण्यासाठी. आजच्या मोलात आणलेली शेवटच्या भावांची सरासरी १००० च्या आसपास यायलाच हवी (लाभांश धरलेला नाही). σ²/२ वजा करायला विसरलात तर ती १०१६ कडे जाते. व्याजदराऐवजी "शेअर वर्षाला १२% वाढेल" असा स्वतःचा अंदाज घातलात तर १०३० कडे. ही दुसरी चूक जास्त फसवी, कारण १२% पटण्यासारखे वाटतात. पण शेअर आणि कर्ज वापरून कॉलची हुबेहूब नक्कल करता येते, म्हणून त्याच्या किमतीत शेअरच्या अपेक्षित वाढीला जागा नसते, वाढ व्याजदराचीच धरायची. पाच मार्गांत ही तपासणी निरुपयोगी आहे: तिथे D3 ची स्वतःची त्रुटी ८० असते, १६ चा फरक त्यात बुडून जातो. दहा हजारांत ती १.८ वर येते आणि चूक लगेच डोळ्यात भरते.

आणि RAND() चे आकडे गोठवून "आता उत्तर स्थिर झालं" असं समजू नका. गोठवल्याने D1 हलायचं थांबतं, D2 तेवढंच राहतं.